शिक्षणात दोन वर्षांचा खंड: परदेशी विद्यापीठाला पत्र लिहिताना काय सांगावं, काय जोडावं

गेल्या हिवाळ्यात बिरसीतली एक आई मुलीची फाईल घेऊन माझ्याकडे आली. मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी. तिला ब्रिटनमध्ये सार्वजनिक आरोग्य या विषयात एम.एस्सी. करायचं आहे. आई बसल्या बसल्या म्हणाली, "मॅडम, बाकी सगळं जमलं. फक्त हे दोन साल कुठंतरी गायब करून द्या."

ही दोन सालं अनेक घरांत असतात. कुणाचे वडील आजारी पडले, कुणाचं लग्न झालं, कुणी फीसाठी काम धरलं. आपल्याकडे अशा वेळी तहसीलजवळच्या केंद्रात किंवा नोटरीकडे जाऊन गॅपचं प्रतिज्ञापत्र करतात, कॉलेज ते घेतं आणि विषय संपतो. म्हणून पालकांना वाटतं की परदेशातही असाच एक कागद चालेल. पण प्रतिज्ञापत्रात आपण एवढंच लिहून देतो की या काळात मी दुसरीकडे प्रवेश घेतला नव्हता. हे आपलंच म्हणणं असतं, त्याला पुरावा म्हणत नाहीत. परदेशी विद्यापीठाला वेगळ्या दोन गोष्टी हव्या असतात. हा विद्यार्थी त्या काळात नेमका कुठं होता, आणि आता तो नियमित अभ्यास करू शकेल का? ही दोन उत्तरं एका पानाच्या पत्रात द्यायची आणि प्रत्येक उत्तराला कागद जोडायचा. विद्यापीठाने स्पष्ट मागितलं असेल तरच प्रतिज्ञापत्र सोबत लावावं.

आधी खंड मोजा

पत्र लिहायला बसण्यापूर्वी आम्ही सगळ्या गुणपत्रिका तारखेच्या क्रमाने चटईवर मांडल्या. बारावी, नागपूर बोर्ड, 2020. त्यानंतर नागपूर विद्यापीठाची बी.एस्सी.: पहिलं सत्र हिवाळी 2020, दुसरं सत्र उन्हाळी 2021. त्यापुढची गुणपत्रिका थेट हिवाळी 2023 ची. मग उन्हाळी 2024, हिवाळी 2024 आणि शेवटची उन्हाळी 2025.

प्रवेश तपासणारा माणूसही अगदी हेच करतो. त्याला काही शोधावं लागत नाही, 2021 नंतर एकदम 2023 आलेलं लगेच दिसतं. म्हणजे दोन साल गायब करण्याचा प्रश्नच नाही. ती आपल्याच कागदांवर छापलेली आहेत.

मांडणी झाल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात आली. घरच्यांच्या मते खंड एकच होता, 2021 ते 2023. पण पदवीची शेवटची परीक्षा उन्हाळी 2025 ची आणि प्रवेश हवा सप्टेंबर 2026 चा. मधलं वर्ष कुणी मोजलंच नव्हतं. शिकणं संपल्यापासून नवा कोर्स सुरू होईपर्यंतचा काळही खंडच असतो, आणि तोही पत्रात यायला हवा. उलट निकाल जूनमध्ये लागला आणि कोर्स त्याच सप्टेंबरमध्ये सुरू होणार असेल, तर त्या दोन-तीन महिन्यांसाठी पत्र लिहिण्याची गरज नाही.

काही गोष्टी खंड वाटतात, पण नसतात. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी-बारावी दिली असेल, तर तो काळ अभ्यासाचाच आहे. तसं सरळ लिहावं. एखादं वर्ष नापास होऊन किंवा एटीकेटीमुळे गेलं असेल, तर त्यालाही "खंड" म्हणू नये आणि आजारपणाच्या नावावर तर मुळीच टाकू नये. गुणपत्रिकेवर विषय राहिल्याची नोंद असते. पत्रात आजार आणि गुणपत्रिकेत नापास, असं दिसलं की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो.

"हिवाळी" आणि "उन्हाळी" हे शब्द आपल्याला कळतात, बाहेरच्याला कळत नाहीत. शिवाय कोविडच्या काळात परीक्षा पुढे ढकलल्या गेल्या, त्यामुळे छापलेलं सत्र आणि प्रत्यक्ष महिना जुळत नाही. म्हणून पत्रात सत्राच्या नावासोबत महिना आणि वर्षही लिहावं.

सोपा वाटणारा रस्ता

या कुटुंबाला एका एजंटने सुचवलं होतं की दोन वर्षांचं कॉम्प्युटर कोर्सचं प्रमाणपत्र आणून देतो, खंड भरून निघेल. आईला ते पटलंही होतं. मी फाईलमधलं वडिलांचं रुग्णालयाचं कार्ड काढून दाखवलं. ऑगस्ट 2021 मध्ये त्यांना लकवा झाला तेव्हा नातेवाईक म्हणून सही या मुलीचीच आहे. त्याच महिन्यात ती नागपुरात रोज वर्गात हजर होती, असं प्रमाणपत्र म्हणणार. दोन्ही कागद एकाच फाईलमध्ये जाणार होते.

खोटा कागद पकडला गेला तर नुसता प्रवेश जात नाही. ब्रिटनच्या व्हिसा नियमांत फसवणूक सिद्ध झाली तर दहा वर्षांपर्यंत पुढचे अर्ज नाकारले जाऊ शकतात. कॅनडात चुकीची माहिती दिल्यास पाच वर्षांची बंदी आहे. आणि तिची खरी सबब इतकी साधी होती की खोटी शोधायची गरजच नव्हती.

पत्रात काय आलं

मी तिला सांगितलं, आधी घरच्या भाषेत लिही, मराठीत किंवा उर्दूत, जशी सुचेल तशी. इंग्रजी नंतर करू. तिचा पहिला मसुदा असा होता: "घरगुती अडचणींमुळे माझं शिक्षण थांबलं. मी खूप कठीण काळातून गेले, पण हिंमत हारले नाही." यात खोटं काहीच नव्हतं, पण कळतही काहीच नव्हतं. कोणती अडचण? कधीपासून? ती आता संपली का?

मग एकेक वाक्य बदललं. शेवटी पत्राचा मधला भाग असा झाला:

"मी बी.एस्सी.चं पहिलं वर्ष (दोन सत्रं) 2021 मध्ये उत्तीर्ण झाले. ऑगस्ट 2021 मध्ये माझ्या वडिलांना पक्षाघात झाला (जोडपत्र 1). घरात त्यांची देखभाल करणारी मी एकटीच मोठी असल्याने मी 2021-22 आणि 2022-23 या दोन वर्षांत दुसऱ्या वर्षाचा प्रवेश घेतला नाही (जोडपत्र 2). या काळात मी कोणत्याही संस्थेत शिकत नव्हते. 2022 पासून मी सकाळी गावातल्या मकतबमध्ये लहान मुलांना शिकवलं (जोडपत्र 3). वडील स्वतः चालू लागल्यावर जुलै 2023 मध्ये मी त्याच महाविद्यालयात परत प्रवेश घेतला आणि उरलेली चारही सत्रं पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झाले (जोडपत्र 4). जुलै 2025 पासून मी गोंदियातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते (जोडपत्र 5)."

यातली दोन वाक्यं सगळ्यांत जास्त कामाची आहेत. "या काळात मी कोणत्याही संस्थेत शिकत नव्हते" हे लिहायला तिला भीती वाटली, पण तपासणाऱ्याच्या मनातला प्रश्न तेच वाक्य संपवतं. आणि "चारही सत्रं पहिल्याच प्रयत्नात" हे वाक्य सांगतं की खंडानंतर अभ्यासाची सवय परत आली. वडील आता स्वतः चालतात, हेही सांगणं जरूर आहे. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की ती पुन्हा मध्येच परत जाईल.

पत्राच्या सुरुवातीला अर्ज क्रमांक, कोर्सचं नाव आणि पासपोर्टवर आहे तसंच नाव. शेवटी जोडपत्रांची यादी आणि सही. दुःखाचं वर्णन, देवाचे आभार, विद्यापीठाची तारीफ, यातलं काहीच नाही. हा विषय का निवडला ते उद्देशपत्रात येतं, इथं नाही.

जोडपत्रं कशी जमवली

पहिलं रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड. दुसरं महाविद्यालयाचं पत्र: विद्यार्थिनीने अमुक वर्षी पहिलं वर्ष पूर्ण केलं, दोन वर्षं प्रवेश घेतला नाही, मग पुन्हा घेतला. हे नेहमीचं बोनाफाईड नाही, त्यासाठी वेगळा अर्ज द्यावा लागतो आणि तारखा आपणच अर्जात लिहून द्याव्यात, म्हणजे पत्रात त्याच येतील. तिसरं मकतब चालवणाऱ्या कमिटीचं लेटरहेडवरचं पत्र. तिला तिथं मानधन नव्हतं, म्हणून पत्रात "विनामोबदला" असंच लिहून घेतलं. चौथ्या गुणपत्रिका. पाचवं लॅबचं पत्र. तिथला पगार रोखीत मिळतो, बँकेत नोंद नाही. तेही पत्रात नमूद करायला सांगितलं, कारण पुढे पगाराच्या स्लिपा मागितल्या तर उत्तर आधीच फाईलमध्ये असेल.

मकतबचं पत्र उर्दूत होतं. त्याचं इंग्रजी भाषांतर भाषांतरकाराच्या सही-शिक्क्यासह मूळ कागदाच्या मागे लावलं. ज्या मुलींचा खंड लग्नामुळे पडला, त्यांनी उर्दू निकाहनाम्याचंही असंच करावं. लग्न ही लपवायची सबब नाही. तारीख आणि पुढे शिक्षण कधी सुरू केलं, एवढं पुरतं.

नावाकडेही बघा. हिच्या बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव "शेख" एका स्पेलिंगने, पासपोर्टवर दुसऱ्या. पत्रात एक ओळ टाकली की दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत. मोहम्मद, मोहंमद, मो. असे प्रकार आपल्या घरोघरी आहेत. ते आपण आधी सांगितलेलं बरं.

सगळीकडे एकच तारीख

हे पत्र एकटं जात नाही. तीच माहिती विद्यापीठाच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये, उद्देशपत्रात, बायोडाटात, पुढे व्हिसाच्या अर्जात आणि कर्ज घेतलं तर बँकेतही भरावी लागते. फॉर्म एकाने भरला, बायोडाटा दुसऱ्याने केला, की एका ठिकाणी जुलै 2023 आणि दुसऱ्या ठिकाणी जून 2023 होतं. जर्मनीकडे अर्ज करणाऱ्यांनी तर बायोडाटा महिन्यावार, मधे एकही मोकळी जागा न सोडता करावा. तिथे तशीच पद्धत आहे.

आम्ही एका कोऱ्या कागदावर सगळे महिने उभे लिहिले, बारावीच्या निकालापासून आजपर्यंत, आणि प्रत्येकासमोर ती कुठं होती ते लिहिलं. तोच कागद समोर ठेवून सगळे फॉर्म भरले. त्या कागदावर ऑगस्ट 2021 ते जुलै 2023 या ओळींसमोर "घरी, अब्बूंजवळ" असं तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं आहे. आईने ते वाचलं आणि फाईल बंद केली. दोन साल गायब करायचं मग पुन्हा निघालं नाही.