एस्सेरे की आवेरे? इंग्रजीतून इटालियनमध्ये येताना

मागच्या व्याख्यानात आपण इटालियन भूतकृदंतं कशी बनतात ते पाहिलं. आता ती कृदंतं वापरायची म्हटलं की लगेच प्रश्न येतो, त्यांच्या आधी सहायक क्रियापद कोणतं लावायचं? ‘एस्सेरे’ म्हणजे असणे, आणि ‘आवेरे’ म्हणजे जवळ असणे. इंग्रजीतून भाषांतर करणाऱ्याची इथेच पंचाईत होते, कारण इंग्रजीने हा प्रश्न केव्हाच मिटवून टाकलाय. तिथे ‘शी हॅज गॉन’ आणि ‘शी हॅज रिटन अ लेटर’ या दोन्हींत एकच ‘हॅज’. इटालियनमध्ये मात्र पहिलं ‘ए आंदाता’ आणि दुसरं ‘आ स्क्रीत्तो ऊना लेत्तेरा’. पहिल्यात एस्सेरे, दुसऱ्यात आवेरे. ‘हॅव’कडे कितीही वेळ टक लावून बघितलं तरी त्यातून काही कळायचं नाही.

म्हणून आपण मध्ये मराठीत एक थांबा घेऊ. ‘ती गेली.’ ‘तिने पत्र लिहिलं.’ बघा, आपल्याकडे हा फरक जिवंत आहे. पहिलं वाक्य कर्तरी, क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं : गेला, गेली, गेले, गेल्या. इटालियनमध्येही अगदी असेच चार : आंदातो, आंदाता, आंदाती, आंदाते. दुसरं वाक्य कर्मणी, कर्त्याला ‘ने’ लागलाय आणि क्रियापद कर्माच्या मागे गेलंय. इटालियनमध्ये इथे आवेरे येतं आणि कृदंत कर्त्याकडे ढुंकूनही बघत नाही, बाईने लिहिलं काय आणि बाप्याने लिहिलं काय, ‘स्क्रीत्तो’च. गंमत म्हणजे कर्म सर्वनाम होऊन पुढे आलं, की तेही आपल्यासारखंच वागतं. पत्राबद्दल बोलताना ‘ते मी लिहिलं’ म्हणायचं तर ‘लो स्क्रीत्ता’, कारण त्यांच्याकडे ‘लेत्तेरा’ स्त्रीलिंगी आहे.

तेव्हा पहिली चाचणी अशी : वाक्य तृतीय पुरुषात घ्या आणि मराठीत ‘ने’ येतो का ते ऐका. ‘ने’ आला तर आवेरे, नाही आला तर एस्सेरेचा विचार करा. तृतीय पुरुष कशासाठी, तर ‘मी’ आणि ‘तू’ला आपण ‘ने’ लावतच नाही. गेली, आली, पोहोचली, पडली, राहिली, झाली, मेली, जन्मली या सगळ्यांना ‘ने’ नाही, आणि इटालियनमध्ये या सगळ्यांना एस्सेरे.

मात्र ही चाचणी कुठे फसते ते आत्ताच सांगायला हवं. आपल्याकडे काही क्रियापदं सकर्मक असूनही ‘ने’ घेत नाहीत. ‘ती किल्ल्या विसरली’, ‘ती इटालियन शिकली’. इथे कर्म समोर दिसतंय, तेव्हा निमूटपणे आवेरे : ‘आ दिमेंतिकातो ले क्यावी’. मग येतात हसली, रडली, नाचली, पोहली. ‘ने’ नाही, कर्मही नाही, तरी इटालियनमध्ये ‘आ रीसो’, ‘आ बाल्लातो’, ‘आ नुओतातो’, म्हणजे आवेरेच.

का बरं? कारण एस्सेरे नुसत्या अकर्मकपणावर समाधान मानत नाही. क्रिया संपल्यावर कर्त्याचं काहीतरी बदललेलं असावं, तो दुसऱ्या जागी किंवा दुसऱ्या अवस्थेत पोहोचलेला असावा, असं त्याला लागतं. मराठीत ‘-लेला’ लावून बघा. आलेला पाहुणा, पडलेलं झाड, मेलेला उंदीर, हे सहज तोंडात बसतं. हसलेला माणूस? नाचलेली मुलगी? जीभ अडखळते. जिथे अडखळते तिथे बहुधा आवेरे. बहुधा म्हणायचं कारण ‘झोपलेली मुलगी’. मराठीत हे उत्तम चालतं, कारण आपलं ‘झोपली’ दोन गोष्टी सांगतं. आठ तास झोप काढली तर इटालियनमध्ये ‘आ दोर्मीतो’. डोळा लागला, झोपी गेली, तर ‘सी ए आद्दोर्मेंताता’. इथे अवस्था बदलली म्हणून एस्सेरे, शिवाय त्या ‘सी’मुळेही एस्सेरे. स्वतःकडे वळणाऱ्या ‘सी’वाल्या क्रियापदांना ते कायमच लागतं, मग मराठीत ‘तिने अंघोळ केली’ असा ‘ने’ का असेना : ‘सी ए लावाता’.

इंग्रजीत एकच क्रियापद दोन्ही बाजूंनी चालतं, तिथे मराठी फार उपयोगी पडते. ‘द प्राइसेस हॅव इन्क्रीज्ड’ आणि ‘दे हॅव इन्क्रीज्ड द प्राइसेस’. आपण पहिल्याला ‘किमती वाढल्या’ म्हणतो, दुसऱ्याला ‘किमती वाढवल्या’. ‘वाढल्या’ला एस्सेरे : ‘ई प्रेत्सी सोनो आउमेंताती’. ‘वाढवल्या’ला आवेरे : ‘आन्नो आउमेंतातो ई प्रेत्सी’. संपला-संपवला, बुडालं-बुडवलं, सगळीकडे हेच. ‘धावणं’ही असंच. ‘ती तासभर धावली’ म्हणजे ‘आ कोर्सो पेर उनोरा’. ‘शी रॅन होम’ला मात्र आपण आपोआप ‘धावत घरी गेली’ म्हणतो, आणि त्या ‘गेली’ने उत्तर देऊन टाकलं : ‘ए कोर्सा आ कासा’. पण हे सगळ्या चालींना लावू नका. ‘काम्मिनारे’, म्हणजे चालणं, आणि पोहणं कुठवरही गेलं तरी आवेरेच ठेवतं.

आता आजच्या खऱ्या विषयाकडे येऊ. मध्ये ‘दोवेरे’ (लागणे, हवं असणे), ‘पोतेरे’ (शकणे) किंवा ‘वोलेरे’ (इच्छिणे) आलं की काय होतं? एक छोटा उतारा घेऊ. ‘आन्ना हॅड टु लीव्ह अर्ली. शी कुडन्ट से गुडबाय टु अस. शी मस्ट हॅव टेकन द सिक्स ओ’क्लॉक ट्रेन. शी शुड हॅव स्टेड.’ चार साधी वाक्यं, आणि चारही वेगवेगळी.

पहिलं. ‘आन्नाला लवकर निघावं लागलं.’ इथे सहायक क्रियापद ठरवताना ‘दोवेरे’कडे बघायचं नाही, त्याच्या मागे उभ्या असलेल्या क्रियापदाकडे बघायचं. ‘पार्तीरे’, निघणे, एस्सेरेवालं आहे, म्हणून ‘आन्ना ए दोवूता पार्तीरे प्रेस्तो’. ‘दोवूता’ हे स्त्रीलिंगी झालंय, ‘पार्तीरे’ तसंच राहिलंय. मराठी इथे दगा देते, कारण आपलं ‘लागलं’ निघणारा पुरुष असो की बाई, नपुंसकलिंगीच राहतं, आणि तीच सवय घेऊन विद्यार्थी ‘ए दोवूतो पार्तीरे’ लिहितात. एस्सेरे आलं की कर्त्याचं लिंगवचन आलंच. ‘आ दोवूतो पार्तीरे’ हे चालतं का? चालतं. मागचं क्रियापद एस्सेरेवालं असेल तेव्हा इटालियन व्याकरण दोन्ही मान्य करतं, आणि आवेरे घेतलं की भर थोडा सक्तीवर जातो. लेखी भाषांतरात आम्ही एस्सेरेच सुचवू, त्याला कोणी लाल शाई लावणार नाही.

ही सवलत एकतर्फी आहे, हे दुसऱ्या वाक्यात दिसतं. ‘ती आमचा निरोप घेऊ शकली नाही.’ निरोप घेण्याचं क्रियापद ‘सालुतारे’, सकर्मक. तिथे आवेरेला पर्याय नाही : ‘नोन आ पोतूतो सालुतार्ची’. इथेही मराठीचा कान झाकून ठेवायचा. ‘जाऊ शकली’, ‘पत्र लिहू शकली’, आपलं ‘शकणे’ दोन्हीकडे ‘ने’शिवाय कर्त्यामागे चालतं, आणि त्या ओघात ‘ए पोतूता’ तोंडातून निसटतं. क्रियापद नुसतं एकटं आलं, ‘यायचं होतं, पण जमलं नाही’, तरीही आवेरे : ‘नोन ओ पोतूतो’.

तिसरं वाक्य सगळ्यात घातकी. ‘मस्ट हॅव टेकन’मध्ये सक्ती नाहीच, तर्क आहे : तिने सहाची गाडी घेतली असणार. तर्क आपण आत्ता करतोय, म्हणून ‘दोवेरे’ वर्तमानात राहतं आणि सहायक क्रियापद आत सरकतं : ‘देवे आवेर प्रेसो इल त्रेनो देल्ले सेई’. आत सरकल्यावर दोन्ही मान्य असल्याची सवलत संपते. ‘शी मस्ट हॅव लेफ्ट’ म्हणजे ‘देवे एस्सेरे पार्तीता’, दुसरं काही नाही. आता हे आणि पहिलं वाक्य शेजारी ठेवा. ‘ए दोवूता पार्तीरे’ : तिला निघावं लागलं. ‘देवे एस्सेरे पार्तीता’ : ती निघाली असणार. एखाद्या जबानीचं भाषांतर करताना यांची अदलाबदल झाली, तर साक्षीदाराचा नुसता अंदाज हा घडलेला प्रसंग होऊन बसेल, वर कोणीतरी तिला भाग पाडल्याचा संशयही येईल. म्हणून इंग्रजीत ‘मस्ट हॅव’ दिसलं की आधी मराठीत म्हणा. ‘असणार’ आलं, तर सहायक क्रियापद आत. ‘लागलं’ आलं, तर बाहेर.

‘कुड हॅव’लाही हेच लावा. ‘ती जाऊ शकली असती’, म्हणजे गेली नाही : ‘सारेब्बे पोतूता आंदारे’. ‘ती गेली असू शकेल’, म्हणजे ठाऊक नाही : ‘पोत्रेब्बे एस्सेरे आंदाता’. इंग्रजीत दोन्हीकडे ‘शी कुड हॅव गॉन’ असू शकतं, तेव्हा आजूबाजूची वाक्यं वाचल्याशिवाय पेन उचलू नये.

चौथं, ‘तिने थांबायला हवं होतं.’ संकेतार्थ घ्यायचा, आणि ‘रेस्तारे’ एस्सेरेवालं म्हणून ‘सारेब्बे दोवूता रेस्तारे’. ‘आव्रेब्बे दोवूतो रेस्तारे’ही बरोबर, बोलण्यात ते भरपूर ऐकू येतं. मराठीत मात्र ‘तिने’ आलंय, त्या ‘ने’ला इथे भुलायचं नाही. तो ‘हवं होतं’मुळे आलाय, थांबण्यामुळे नाही.

दोन बारकावे राहिले. ‘सी’वाल्या क्रियापदांत ‘सी’ कुठे बसतो त्यावर निकाल ठरतो. ‘तिला उठावं लागलं’ हे ‘सी ए दोवूता आल्त्सारे’ किंवा ‘आ दोवूतो आल्त्सार्सी’. ‘सी’ पुढे आला तर एस्सेरे सक्तीचं, मागे चिकटला तर आवेरे. ‘सी आ दोवूतो आल्त्सारे’ हे इटालियन माणसाच्या कानाला सरळ चूक वाटतं.

दुसरा बारकावा उलटा आहे. मागचं क्रियापद खुद्द ‘एस्सेरे’ असेल, तर पुढे आवेरे घ्या. ‘आन्नाला धीर धरावा लागला’, शब्दशः धीराचं असावं लागलं, हे ‘आन्ना आ दोवूतो एस्सेरे पात्सिएंते’. मागे कर्मणी रचना असली की तीही ‘एस्सेरे’नेच सुरू होते, म्हणून तिथेही आवेरे : ‘आ वोलूतो एस्सेरे आक्कोम्पान्याता’, कोणीतरी आपल्यासोबत यावं अशी तिने इच्छा धरली. इथे लिंग ‘वोलूतो’ला लागत नाही, शेवटच्या कृदंताला लागतं.

पुढच्या वेळी याच उताऱ्यातली ‘कुडन्ट’ आणि ‘हॅड टु’ पुन्हा घेऊ, कारण तिथे ‘नोन आ पोतूतो’ आणि ‘नोन पोतेवा’ यांतला फरक अजून बाकी आहे.