विषातली भेसळ

मिरीत पपईच्या बिया मिसळतात, हे तुम्हांस ठाऊक आहे. पण विषातही भेसळ होते आणि ती विषाहून निराळाच आजार देते, हे ठाऊक आहे काय?

कोकेन हे मादक द्रव्य मुळातच हृदयावर व मेंदूवर आघात करते. त्यात नफ्यासाठी चोरटे व्यापारी इतर पांढऱ्या पुडी मिसळतात. त्यांपैकी एक म्हणजे लेव्हामिसोल, जनावरांचे जंत मारणारे औषध. २००९ साली अमेरिकेत जप्त झालेल्या कोकेनच्या बहुतांश नमुन्यांत ते सापडले.

त्याच वर्षी तेथील न्यू मेक्सिको व वॉशिंग्टन या राज्यांत काही विचित्र रुग्ण आढळले. ताप, घशात व तोंडात व्रण. पण जखमेत पू फारसा नाही. असे का व्हावे? पू हा मुख्यतः जंतूंशी लढून मेलेल्या पांढऱ्या पेशींचा बनलेला असतो. लढणारे सैनिकच नसतील, तर पू येणार कोठून? रक्त तपासताच उलगडा झाला. निरोगी माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी साधारण दोन ते सात हजार असतात. या रुग्णांत त्या पाचशेच्याही खाली गेल्या होत्या. अशा वेळी साधा घसादुखीचा जंतूही प्राण घेऊ शकतो.

या रुग्णांना जोडणारा धागा होता कोकेन. पण कोकेनने या पेशी अशा नाहीशा होत नाहीत. १९७० च्या दशकात संधिवातासाठी लेव्हामिसोल दिलेल्या काही रुग्णांत मात्र नेमके हेच घडले होते. त्या औषधामुळे काहींच्या शरीरात स्वतःच्याच पांढऱ्या पेशींवर हल्ला करणारी प्रतिपिंडे तयार होतात. कोणाच्या, हे आधी सांगता येत नाही. शिवाय हे औषध लघवीत जेमतेम दोन दिवस सापडते. त्यामुळे उशिरा आलेल्या रुग्णात पुरावाच उरत नाही. सेवन थांबले आणि वेळीच उपचार मिळाले, तर पेशी बहुधा आठ-पंधरा दिवसांत वाढतात. पुन्हा सेवन केले, तर आजारही परततो.

दुसरी भेसळ शंखजिऱ्याची. तिची हानी रासायनिक नाही, यांत्रिक आहे. शंखजिरे पाण्यात विरघळत नाही. अशी पूड शिरेत टोचली, की तिचे कण रक्ताबरोबर फुप्फुसांत पोहोचतात. तेथील केशवाहिन्यांचा व्यास मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाएवढा असतो. त्याहून मोठा कण तेथे अडकतो. शरीराला तो पचवता येत नाही. मग पेशी त्याला वेढतात आणि गाठी बनतात. अशा गाठी वाढत गेल्या, की श्वास अपुरा पडू लागतो.

आता ही भेसळ ओळखावी कशी? कोकेन, लेव्हामिसोल, शंखजिरे या तिन्ही पुडी पांढऱ्याच. त्यांत काय व किती मिसळले आहे, हे प्रयोगशाळेतील उपकरणेच सांगू शकतात. ते ना घेणाऱ्याला दिसते, ना बहुधा विकणाऱ्याला माहीत असते.