केस स्टडीतला आकडा काम सुरू होण्याआधी मोजा

समजा, कारंजा लाडच्या एका डाळ मिलसाठी तुम्ही तूरडाळीचं पाकीट डिझाइन केलं. पोर्टफोलिओत नुसता फोटो टाकलात तर पाहणारा 'छान आहे' म्हणेल आणि पुढे जाईल.

आधी अडचण लिहा, तीही दुकानदाराच्या शब्दांत: 'फटका आणि सव्वा नंबर, दोन्ही पाकिटं सारखीच दिसतात. गिऱ्हाईक चुकीचं नेतं अन् बदलायला परत येतं.' मग तुम्ही काय केलं ते दोन ओळींत: प्रतीनुसार पट्टीचा रंग वेगळा, नाव मोठं. जुनं-नवं पाकीट शेजारी शेजारी दाखवा.

आता परिणाम. इथेच बहुतेक जण अडकतात, कारण जुना आकडा कुणी मोजलेलाच नसतो. म्हणून डिझाइनला हात लावण्याआधी एका दुकानात १५ दिवस वही ठेवा आणि प्रत्येक बदलीला एक रेघ मारायला सांगा. नवं पाकीट आल्यावर पुन्हा १५ दिवस. मग लिहिता येतं (आकडे उदाहरणाचे): 'एका दुकानात सुमारे ३०० पाकिटांमागे बदली १८ वरून ५ वर आली.'

'विक्री वाढली' असं मात्र लिहू नका. डाळीचा भाव उतरला किंवा सण आला तरी विक्री वाढते, त्यात तुमच्या पट्टीचा वाटा किती हे सांगता येत नाही. आणि हो, आकडा छापण्याआधी मिलमालकाला विचारा.