आजवा तलाव उन्हाळ्यात किती आटतो?

मंडळी, हे नागरवाड्यात बसूनही मोजता येतं. सेंटिनेल-२ उपग्रहाचे ऑक्टोबरचा आणि मेचा असे दोन फोटो घ्या; ऐन पावसात ढग आड येतात. फोटोतल्या १० मीटरच्या प्रत्येक चौकोनाला हे गणित लावा: (B3 − B8) / (B3 + B8). B3 हिरवा प्रकाश, B8 डोळ्याला न दिसणारा अवरक्त. पाणी अवरक्त गिळतं, म्हणून उत्तर शून्याच्या वर ते पाणी, खाली ती जमीन. पाण्याचे १०० चौकोन म्हणजे १ हेक्टर. ऑक्टोबरातून मे वजा केला की आटलेला भाग मिळतो.

गढूळ, उथळ काठ मात्र शून्याजवळच घुटमळतो, आणि होडी रुतते ती तिथेच. काठाच्या चार-पाच जागा त्याच आठवड्यात पाहून या, त्यांच्याशी जुळेल तशी शून्याची रेघ थोडी वर-खाली सरकवा. जलपर्णीला हा उपाय नाही. खाली पाणी असलं तरी ती जमीनच दिसते. तेवढा भाग हाताने जोडावा लागतो.