रात्रीची कळ आणि खवाट्याखालचं दुखणं

पंचेचाळिशीच्या एका बाईंचं उदाहरण घेऊ. रात्री नवाला लग्नाचं जेवण झालं: तुपाची धार सोडलेला मसालेभात, भजी, वर वाटीभर बासुंदी. साडेदहाला उजव्या बरगडीखाली दुखू लागलं. दुखणं वाढत जाऊन उजव्या खवाट्याखाली, पाठीत पोचलं. कुशीवर वळून बघितलं, चालून बघितलं, उलटीही झाली, तरी आराम नाही. घरच्यांनी पित्ताची गोळी दिली, पाठीला बाम चोळला. दीडच्या सुमारास कळ आपोआप थांबली आणि गोळी लागू पडली असं सगळ्यांना वाटलं.

गोळीचा यात फारसा हात नव्हता. यकृतात तयार होणारं पित्त त्याच्या खालच्या छोट्या पिशवीत, म्हणजे पित्ताशयात, साठून दाट होतं. त्यातलं कोलेस्टेरॉल प्रमाणाबाहेर गेलं की त्याचे स्फटिक बनतात आणि त्यांचे हळूहळू खडे होतात. तेलातुपाचं जेवण लहान आतड्यात उतरलं की तिथून एक संप्रेरक रक्तात सुटतं आणि त्याच्या हुकमाने पित्ताशय आकुंचन पावतं. त्या दाबाने खडा पिशवीच्या तोंडाशी जाऊन बसला, तर पित्त बाहेर पडू शकत नाही, आतला ताण वाढतो आणि कळ येते. आकुंचन ओसरल्यावर खडा मागे घरंगळला की दुखणं थांबतं. म्हणूनच हे दुखणं अर्ध्या तासापासून पाच-सहा तासांपर्यंत टिकतं आणि मग काही झालंच नव्हतं असं वाटतं.

पाठ का दुखते? पित्ताशयाकडून येणाऱ्या नसा मज्जारज्जूच्या ज्या पातळीवर शिरतात, तिथेच खवाट्याखालच्या कातडीच्या नसाही येतात. निरोप नेमका कुठून आला हे मेंदूला ठरवता येत नाही, आणि तो पाठीकडे बोट दाखवतो. तिथे कितीही बाम चोळा.

निदानाला सोनोग्राफी बहुधा पुरते. सहा-आठ तास उपाशीपोटी जायचं, म्हणजे पित्ताशय भरलेलं असतं. पडद्यावर खडा पांढरा चमकतो, त्याच्यामागे काळी सावली पडते आणि कूस बदलली की तो जागा बदलतो. मात्र छातीत किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखत असेल, तर हृदयविकार नाही ना हे आधी ईसीजी काढून बघायला हवं.

कळ सहा तासांहून जास्त टिकली किंवा ताप, थंडी, डोळे पिवळे, लघवी गडद असं काही दिसलं, तर सकाळची वाट पाहू नये. खडा अडकून पित्ताशय सुजलं असेल किंवा तो पुढे मुख्य पित्तनलिकेत उतरला असेल.

काहीही त्रास न देणारे खडे सोनोग्राफीत योगायोगाने सापडले, तर बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. या बाईंसारखी कळ वारंवार येत असेल, तर दुर्बिणीतून पित्ताशयच काढतात, कारण नुसते खडे काढले तर ते पुन्हा होतात. नंतर पित्त साठत नाही, यकृतातून थेट आतड्यात झिरपत राहतं. काहींना सुरुवातीला पातळ शौचाचा त्रास होतो, पण जेवण पचायला सहसा अडचण येत नाही.