घड्याळ बरोबर, तरी कोड चुकीचा

पुण्याहून दुबईला गेलेल्या एका माणसाची गोष्ट घेऊ. शेअर ब्रोकरच्या साइटवर लॉगिन करायचं आहे. पासवर्ड बरोबर, ऑथेंटिकेटर अ‍ॅप उघडलेलं, त्यातला सहा आकडी कोड नीट बघून टाकलेला. साइट म्हणते, कोड चुकीचा. नवा कोड आला, तोही चुकीचा. चार-पाच वेळा असं झाल्यावर खातं काही काळासाठी लॉक. बँकेचा एसएमएसवरचा ओटीपी मात्र त्याच फोनवर बिनतक्रार चालतो. फोनमधली वेळ बघावी, तर ती भिंतीवरच्या घड्याळाशी तंतोतंत जुळते. मग बिघाड कुठे? बिघाड त्या घड्याळातच आहे, आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

एसएमएसचा ओटीपी साइटच्या सर्व्हरवर तयार होऊन आपल्याकडे येतो. ऑथेंटिकेटरचा कोड मात्र कुठूनच येत नाही, तो फोनमध्येच बनतो. म्हणून तर फोन विमान मोडवर असला तरी हे अ‍ॅप चालतं. सुरुवातीला आपण जो क्यूआर कोड स्कॅन करतो, त्यातून एक गुप्त किल्ली फोनमध्ये साठवली जाते. तीच किल्ली सर्व्हरकडेही असते. मग दोघंही स्वतंत्रपणे एकच गणित करतात. १ जानेवारी १९७० च्या ग्रिनिचच्या मध्यरात्रीपासून आत्तापर्यंत किती सेकंद झाले ते मोजायचे आणि त्याला ३० ने भागायचं. भागाकारातला पूर्णांक म्हणजे चालू खिडकीचा क्रमांक. हा क्रमांक आणि किल्ली एका ठरलेल्या प्रक्रियेतून काढली की सहा आकडे मिळतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ६२३८ या दस्तऐवजात ही पद्धत मांडलेली आहे आणि बहुतेक ऑथेंटिकेटर अ‍ॅप तीच वापरतात.

आता दुबईतल्या माणसाचा हिशेब मांडू. तारीख १ जानेवारी २०२५, दुबईत सकाळचे नऊ. त्या क्षणी भारतात साडेदहा आणि ग्रिनिचला पहाटेचे पाच वाजलेले असतात. १९७० पासूनचे सेकंद होतात १७३५७०७६००, म्हणजे सर्व्हरच्या दृष्टीने खिडकी क्रमांक ५७८५६९२०. दुबईत उतरल्यावर या माणसाच्या फोनची वेळ आपोआप बदलली नाही. त्याने सेटिंगमध्ये जाऊन स्वयंचलित वेळ बंद केली आणि काटे हाताने दीड तास मागे नेले. टाइम झोन मात्र भारताचाच राहिला. पडद्यावर नऊ दिसतात, पण फोनची समजूत अशी की भारतात नऊ वाजलेत, म्हणजे ग्रिनिचला साडेतीन. त्या हिशेबाने त्याची खिडकी येते ५७८५६७४०. तब्बल १८० खिडक्यांचं अंतर! फोन जो कोड दाखवतोय, तो दीड तासापूर्वीच शिळा झालेला आहे.

देश बदलला म्हणून कोड बिघडत नाही, हे इथे लक्षात घ्यायला हवं. फोनने योग्य झोन लावला, तर दुबई, लंडन, कोल्हापूर सगळीकडे खिडकी तीच येते, कारण हिशेब ग्रिनिचचा आहे. झोन तसाच ठेवून तास फिरवले की घात होतो. ओळखायची खूण तारीख आणि वेळेच्या सेटिंगमध्येच सापडते. तुम्ही दुबईत असाल आणि तिथे झोनच्या ओळीत GMT+05:30 दिसत असेल, तर दुबईची वेळ दाखवणारं ते घड्याळ खोटं बोलतंय.

घड्याळ चुकलंय असं सर्व्हर सरळ का सांगत नाही? कारण त्याला ते कळतच नाही. लागोपाठच्या दोन खिडक्यांच्या कोडमध्ये कसलंही साम्य नसतं. आलेला कोड दीड तास जुना आहे की कोणी अंदाजपंचे टाकलाय, हे त्याला नुसत्या आकड्यांवरून ठरवता येत नाही. तो फक्त आपला कोड काढून ताडून बघतो. टाइप करायला वेळ लागतो म्हणून बरेच सर्व्हर चालू खिडकीबरोबर एक मागची आणि एक पुढची खिडकीही चालवून घेतात, पण त्यापलीकडे जात नाहीत. सूट जास्त दिली, तर चोरलेला कोडही तेवढाच जास्त वेळ चालेल. म्हणून ही कंजुषी मला योग्यच वाटते.

ही सूट गृहीत धरली, तर फोन ३० सेकंदांपर्यंत चुकलेला असताना काहीच जाणवत नाही. एका मिनिटापेक्षा जास्त चुकला, की एकही कोड लागत नाही. मधल्या पट्ट्यात मात्र कधी लागतो, कधी नाही, आणि लोक स्वतःच्या टायपिंगला दोष देत बसतात. समजा फोन ४५ सेकंद मागे आहे. अ‍ॅपमध्ये नवा कोड उमटल्यावर पहिल्या पंधरा सेकंदांत टाकला तर तो स्वीकारला जाईल, त्यानंतर टाकला तर नाही. फोन ४५ सेकंद पुढे असेल तर नेमकं उलट होतं. ताजा कोड नाकारला जातो आणि संपत आलेला चालतो. त्यामुळे कोणत्या वेळी कोड लागतो यावरून घड्याळ मागे आहे की पुढे, तेही कळतं.

आणि हाताने काटे न फिरवताही घड्याळ चुकू शकतं. फोनच्या घड्याळाचा ठेका क्वार्ट्झचा स्फटिक धरतो. दहा लाखांत वीस भाग एवढी चूक असली, तरी दिवसाला पावणेदोन सेकंदांच्या आसपास, म्हणजे महिन्याला सुमारे ५० सेकंद फरक पडतो. रोजच्या वापरातला फोन टॉवरकडून किंवा इंटरनेटवरून वेळ घेऊन ही चूक मिटवत असतो. पण अनेक जण सुरक्षितता म्हणून ऑथेंटिकेटर एका जुन्या, सिम नसलेल्या फोनवर ठेवतात. तो कपाटात पडून असतो आणि वाय-फायही बंद. त्याला वेळ सांगणारं कोणीच उरत नाही. काही महिन्यांनी गरज पडते तेव्हा त्याचे कोड वाया गेलेले असतात.

उपाय सोपा आहे. अँड्रॉइडवर तारीख आणि वेळेच्या सेटिंगमध्ये Set time automatically किंवा त्या अर्थाचा पर्याय असतो, आयफोनवर General मध्ये Date & Time खाली Set Automatically. तो चालू करायचा, आणि आधीच चालू असेल तर एकदा बंद करून पुन्हा चालू करायचा. सिम नसेल तर वाय-फाय जोडायचं. प्रवासात झोन आपोआप बदलला नाही, तर वेळेला हात न लावता फक्त झोन निवडायचा. मग अ‍ॅपमध्ये नवा कोड येऊ द्यायचा आणि तो टाकायचा. खातं लॉक झालं असेल, तर आधी ती मुदत संपू द्यायची.

या गडबडीत वैतागून अ‍ॅपमधली नोंद पुसू नका किंवा अ‍ॅपच काढून टाकू नका, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. घड्याळ दोन मिनिटांत दुरुस्त होतं. पण गुप्त किल्ली पुसली गेली आणि तिची प्रत कुठेच नसली, तर तुमच्याकडून कोड बनायचेच थांबतात आणि खातं परत मिळवायला साइटच्या ग्राहक सेवेकडे ओळखपत्रं घेऊन खेटे घालावे लागतात. आधीच उतरवून ठेवलेले बॅकअप कोड असतील तर ते आता वापरा. त्यांचा घड्याळाशी काही संबंध नसतो.

वेळ आणि झोन दोन्ही बरोबर असूनही कोड नाकारला जात असेल, तर मात्र किल्लीकडे बघायला हवं. बहुतेकदा त्याच साइटच्या दोन नोंदी अ‍ॅपमध्ये सापडतात. फोन बदलताना किंवा सुरक्षा सेटिंग नव्याने करताना क्यूआर पुन्हा स्कॅन झालेला असतो, नवी किल्ली आलेली असते, आणि आपण सवयीने वरच्या जुन्या नोंदीतला कोड टाकत असतो. अशा वेळी दुसऱ्या नोंदीतला कोड टाकून बघा. तो लागला, तर जुन्या नोंदीचं नाव बदलून तिच्यापुढे ‘जुनी’ असं लिहून ठेवा आणि पुढची काही लॉगिन सुरळीत झाल्यावरच ती पुसा.