साठाव्या दिवशीचा आढावा : उणीव कोणाची, हे कसे ठरवावे?

नव्या कर्मचाऱ्यासाठी ३०-६०-९० दिवसांची योजना आखण्याची पद्धत अनेक कार्यालयांत रुळली आहे. पहिले ३० दिवस काम समजून घेण्याचे, पुढील ३० देखरेखीखाली काम करण्याचे आणि अखेरचे ३० स्वतंत्रपणे जबाबदारी पेलण्याचे, अशी तिची सर्वसाधारण रचना असते. योजना कागदावर उतरवणे अवघड नसते. खरी कसोटी लागते ती साठाव्या दिवशीच्या आढावा बैठकीत. एखादे उद्दिष्ट अपुरे राहिले असेल, तर ते कर्मचाऱ्यामुळे राहिले, कार्यालयामुळे राहिले की मुळात योजनेतच चूक होती, याचा निवाडा तेथे करावा लागतो.

उदाहरणादाखल, औषधांच्या एका घाऊक वितरकाकडे १६ जून रोजी रुजू झालेल्या लेखा सहायक महिलेची योजना पाहता येईल. खरेदीच्या नोंदी वस्तू व सेवा कराच्या ‘जीएसटीआर-२बी’ या विवरणाशी जुळवणे, हे तिचे मुख्य काम. साठाव्या दिवसापर्यंत दोन गोष्टी अपेक्षित होत्या : जून महिन्याच्या जुळवणीत उरलेल्या ३१ तफावती निकाली काढणे आणि एका महिन्याची जुळवणी स्वतंत्रपणे करणे. साठावा दिवस होता १४ ऑगस्ट. त्या दिवशी १९ तफावती मिटलेल्या होत्या, १२ शिल्लक होत्या आणि स्वतंत्र जुळवणी झालेली नव्हती. केवळ आकडे पाहिले, तर दोन्ही उद्दिष्टांपुढे ‘अपूर्ण’ असाच शेरा पडला असता.

अशा बैठकीत ‘काम कसे चालले आहे?’ या प्रश्नाला बहुधा ‘ठीक चालले आहे’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी लेखा व्यवस्थापकाने विचारले, “शिल्लक बिलांची यादी उघडून प्रत्येक बिल कुठे अडले ते दाखवाल का?” यादी उघडताच १२ बिलांचे दोन गट पडले. नऊ बिलांसाठी माल पोहोचल्याची नोंद पाहणे आवश्यक होते. परंतु खरेदी विभागाच्या संगणक प्रणालीत प्रवेश मिळावा, असा आठव्या दिवशी केलेला तिचा अर्ज एक्केचाळिसाव्या दिवशी मंजूर झाला होता. ही दिरंगाई कार्यालयाची होती. उरलेल्या तीन बिलांत परत केलेल्या मालाच्या क्रेडिट नोटची रक्कम वजा करण्याऐवजी मिळवली गेली होती. ही चूक मात्र तिची होती, आणि तीन ठिकाणी सारखीच असल्याने ती नजरचूक नसून समजुतीतील त्रुटी होती.

दुसऱ्या उद्दिष्टाचे कारण दिनदर्शिकेत दडले होते. मासिक विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी ‘२बी’ दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होते आणि ‘जीएसटीआर-३बी’ २० तारखेपर्यंत भरायचे असते. १४ जुलै हा तिचा एकोणतिसावा दिवस होता. ती जुळवणी तिने योजनेनुसार वरिष्ठासोबत केली. दुसरे विवरण नेमके साठाव्या दिवशी हाती येणार होते आणि तिसरे १४ सप्टेंबरला, म्हणजे एक्क्याण्णवाव्या दिवशी. जी संधी आलीच नव्हती, तिच्यासाठी कर्मचाऱ्याला अपयशी ठरवणे अन्यायाचे ठरले असते. काम मासिक चक्राने चालत असेल, तर आढाव्याच्या तारखा त्या चक्राला जुळवून घ्याव्या लागतात.

बैठकीअखेर तीन नोंदी स्वतंत्रपणे लिहिल्या गेल्या. नऊ बिले २८ ऑगस्टपर्यंत मिटवायची. गोदामाकडून काही कागद लागल्यास ते मिळवून देण्याची जबाबदारी व्यवस्थापकाची. क्रेडिट नोटची पद्धत वरिष्ठाने त्याच दिवशी प्रत्यक्ष बिलांवर समजवायची. ऑगस्टमध्ये हाती येणाऱ्या विवरणाची जुळवणी तिने एकटीने करायची, मात्र विवरणपत्र भरण्यापूर्वी १८ तारखेला वरिष्ठाने ती तपासायची. त्या तपासणीत क्रेडिट नोटची चूक पुन्हा आढळली नाही, तर शिकवणे पुरेसे ठरले असे मानता येईल. ती पुन्हा आढळली, तर प्रश्न कर्मचाऱ्याच्या आकलनाचा आहे, हे पुराव्यानिशी म्हणता येईल. या नोंदींवर दोघांच्या स्वाक्षऱ्या झाल्या.

या पद्धतीला एक मर्यादा आहे. परिवीक्षा कालावधी सहा महिन्यांचा असेल, तर अंतिम आढावा सप्टेंबरच्या विवरणपत्रानंतर घेता येतो. तो तीनच महिन्यांचा असेल, तर निर्णय एकाच स्वतंत्र जुळवणीवर घ्यावा लागतो किंवा नियुक्तीपत्रात तरतूद असल्यास मुदत संपण्यापूर्वी लेखी वाढ द्यावी लागते. आढावा योग्य रीतीने झाला की नाही, हे नव्वदाव्या दिवशी कळते. त्या दिवशी कर्मचाऱ्याला आपली एखादी उणीव प्रथमच ऐकावी लागली, तर साठाव्या दिवशीची बैठक केवळ उपचारापुरती झाली होती, असाच त्याचा अर्थ होतो.